पहिला सीटी स्कॅन चांगला होता, मग पेशंट बिघडला कसा?

रेडिओलॉजिस्टला पेशंट फारसा भेटत नाही. आमच्या वाट्याला येतात त्या फिल्म्स, आणि नातेवाईक आले तरी रिपोर्टचं पाकीट घेऊन निघून जातात. म्हणून तो मुलगा दोन पाकिटं हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला तेव्हा मी जरा चपापलोच. एक रिपोर्ट बुधवारचा होता, दुसरा त्यानंतरच्या सोमवारचा. दोन्हीवर माझी सही.

“साहेब, बुधवारी तुम्ही लिहिलंत की सूज सौम्य आहे. आज लिहिलंय, आईचं जवळजवळ निम्मं स्वादुपिंड मेलंय. मग पाच दिवसांत हॉस्पिटलनं काय केलं? की पहिला रिपोर्टच चुकीचा होता?”

प्रश्न रागाचा होता, पण बिनबुडाचा नव्हता. त्याला तेव्हा जे उत्तर दिलं ते घाईचं होतं. आज जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न मला नंतरही अनेकांनी विचारला आहे. (मावशींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मावशींचं वय 52. मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात एकाएकी जोरात दुखायला लागलं. दुखणं पाठीत आरपार जात होतं, दोन-तीन उलट्या झाल्या. पहाटे हॉस्पिटलात आल्या तेव्हा पोट हात लावू देत नव्हतं. सर्जनना शंका आली की जठराचा अल्सर फुटला असावा. रक्ताचे रिपोर्ट यायला वेळ होता आणि अल्सर फुटला असेल तर ऑपरेशनला उशीर करून चालत नाही, म्हणून सकाळी आठ वाजता कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला. दुखायला लागून तेव्हा नऊ तास झाले होते. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

स्कॅनमध्ये अल्सर फुटलेला नव्हता. पोटात मोकळी हवा नव्हती, आतड्याचा रक्तपुरवठा नीट होता. पित्ताशयात बारीक खडे होते आणि स्वादुपिंड किंचित सुजलेलं होतं. त्याच्याभोवतीची चरबी, जी सीटीत एरवी स्वच्छ काळी दिसते, ती थोडी मळकट झाली होती. पाणी कुठे साठलेलं नव्हतं. तासाभरात लायपेजचा रिपोर्ट आला, तो नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट. निदान झालं: पित्ताच्या खड्यामुळे झालेला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा अचानक आलेला दाह.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. सर्जननी जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर स्कॅननं दिलं होतं. पण मी त्यापुढे एक ओळ लिहिली. सीटी सिव्हिरिटी इंडेक्स 10 पैकी 2, सौम्य पॅन्क्रियाटायटिस.

हा इंडेक्स बाल्थझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडला. त्यात दोन गोष्टींचे गुण मिळवतात. पहिली, सूज आणि भोवतीचं पाणी किती आहे, याला शून्य ते चार. दुसरी, स्वादुपिंडाचा किती भाग मेलेला आहे. काहीच मेलं नसेल तर शून्य, तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दोन, निम्म्यापर्यंत चार आणि निम्म्याहून जास्त असेल तर सहा. मावशींना सुजेचे दोन मिळाले आणि मेलेल्या भागाचा शून्य. बेरीज बरोबर आहे. चूक त्या शून्यात होती. तिथे शून्य म्हणजे ‘मेलेलं काही नाही’ असं नव्हतं, ‘अजून दिसायची वेळ आलेली नाही’ असं होतं.

हे समजायला सीटी नेमकं काय पाहतो ते माहीत हवं. सीटीला पेशी जिवंत की मेलेली हे दिसत नाही, त्याला रक्त पोचतंय का एवढंच दिसतं. शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट रक्ताबरोबर अवयवात शिरतं आणि तो भाग फिल्मवर उजळतो. उजळणं आकड्यांत मोजता येतं, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. स्वादुपिंड कॉन्ट्रास्टशिवाय साधारण 40 च्या आसपास असतं, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर योग्य क्षणी फोटो घेतला तर 100 ते 130 पर्यंत जातं. ज्या भागात रक्त पोचतच नाही तो 30 च्या आसपास किंवा त्याखालीच राहतो. म्हणजे सगळ्या उजळलेल्या अवयवात तो भाग काळपट डागासारखा दिसतो. याला आम्ही नेक्रोसिस म्हणतो.

पण रक्त बंद व्हायला वेळ लागतो. ज्यांची शेती कालव्यावर आहे त्यांना हे चटकन कळेल. पाटाचं पाणी कमी सोडलं तर टेलच्या शेतात त्याच दिवशी पीक करपत नाही. पहिल्या दिवशी पाणी कमी दाबानं का होईना येत असतं, चाऱ्या ओल्या दिसतात. कुणी पाहणीला आलं तर ‘पाणी पोचतंय’ असंच लिहून जाईल. स्वादुपिंडात तसंच होतं. अन्न पचवणारी एन्झाइम्स आतड्यात जाऊन जागी व्हायची, ती स्वादुपिंडातच जागी होतात आणि ते स्वतःलाच पचवायला लागतं. सूज वाढते, अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग त्यांत गुठळ्या व्हायला लागतात. हे सगळं तासांत नाही, दोन-तीन दिवसांत घडत जातं. पहिल्या दिवशी वाहिन्या अरुंद असल्या तरी वाहत्या असतात. म्हणून कॉन्ट्रास्ट पोचतं, आणि पुढे मरणार असलेला भागही उजळून दिसतो.

सोमवारचा स्कॅन झाल्यावर मी बुधवारचा पुन्हा उघडला. स्वादुपिंडाचं डोकं 105 होतं, मधला भाग 78. बुधवारी हा फरक माझ्या नजरेतून सुटला नव्हता, सुजेमुळे असेल म्हणून मी तो सोडून दिला होता. आता कुणी म्हणेल, ‘बघा, तेव्हाच दिसत होतं!’ नाही. असा अर्धवट मंद भाग पहिल्या दिवशी दिसला तर तो पुढे मरेल की सूज उतरल्यावर पूर्ववत होईल, हे त्या दिवशी सांगता येत नाही. दोन्ही घडताना मी पाहिलं आहे. म्हणजे घाईचा स्कॅन उलट्या बाजूनंही फसवू शकतो, जे मेलेलं नाही ते मेलेलं वाटू शकतं. तीच फिल्म आज कुणी माझ्यासमोर ठेवली तरी मी ‘नेक्रोसिस’ लिहिणार नाही. पण ‘सौम्य’सुद्धा लिहिणार नाही.

त्या एका शब्दानं काय झालं ते मला नंतर फिजिशियनकडून कळलं.

गुरुवारी दुपारी घरच्यांनी डिस्चार्ज मागितला होता. गाव सत्तर किलोमीटरवर, खोलीचं भाडं चढत होतं, आणि सीटीत ‘सौम्य’ लिहिलेलं आहे. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावता येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात गैर काय? रिपोर्टवर विश्वास ठेवला, एवढंच. फिजिशियननी ऐकलं नाही, कारण ते फिल्म बघत नव्हते, लघवीची पिशवी बघत होते. साठ किलो वजनाच्या बाईला तासाला निदान तीस मिली लघवी व्हायला हवी. मावशींना सहा तासांत मिळून नव्वद मिली झाली होती. नाडी 124, श्वास मिनिटाला तीस, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन 89. क्रिएटिनिन सकाळी 0.9 होतं ते 1.9 वर गेलं होतं. घरी नेण्याऐवजी त्यांनी मावशींना आयसीयूत हलवलं. मुलाला वाटलं, बिल वाढवतायत.

त्या दिवशी त्या गाडीत बसून गावी निघाल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सुखानं बसू देत नाही.

पॅन्क्रियाटायटिस सौम्य की गंभीर हे ठरवायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती अटलांटा वर्गीकरणाची 2012 मधली सुधारित आवृत्ती. तीत ‘गंभीर’ हा शब्द सीटीवरून ठरतच नाही. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण यांपैकी काही कोलमडलं आणि 48 तासांत सावरलं नाही, तर आजार गंभीर. त्याआधी सावरलं, किंवा अवयव ठीक पण पोटात पाणी साठणं वा नेक्रोसिस असं काही झालं, तर मध्यम गंभीर. यातलं काहीच नसेल तरच सौम्य. म्हणजे नवव्या तासाला कुणालाच, अगदी पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरांनाही, ‘सौम्य’ म्हणण्याचा अधिकार नाही. फिल्म बघणाऱ्या माझ्यासारख्याला तर नाहीच.

मुलानं पुढचा प्रश्न विचारला तो असा: “मग गुरुवारी तब्येत बिघडली तेव्हाच दुसरा स्कॅन का नाही केला? तेव्हाच कळलं असतं.”

कळलं असतं तरी उपचार बदलले नसते. पहिल्या दिवसांत करायचं असतं ते म्हणजे मोजूनमापून सलाईन, ऑक्सिजन, वेदना थांबवणं, जमेल तितक्या लवकर तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं अन्न सुरू करणं आणि तासातासाला लघवी, नाडी, श्वास पाहणं. स्वादुपिंड तीस टक्के मेलंय की पन्नास, यावरून यातलं काही कमीजास्त होत नाही. मेलेला भाग काढायला त्या दिवसांत ऑपरेशनही करत नाहीत. उलट मूत्रपिंड अडचणीत असताना पुन्हा कॉन्ट्रास्ट देणं आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटला आयसीयूतून खाली आणणं, यात धोका आहे. निदानाबद्दल शंका नसेल तर नेक्रोसिस शोधण्यासाठीचा पहिला सीटी दुखणं सुरू झाल्यापासून निदान 72 ते 96 तासांनी करावा, अशी 2013 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. इथे घड्याळ दुखणं सुरू झाल्यापासून चालतं, अ‍ॅडमिट झाल्यापासून नाही. दोन दिवस घरी अंगावर काढून आलेला पेशंट आणि दोन तासांत आलेला पेशंट, दोघांचा ‘पहिला दिवस’ सारखा नसतो.

सोमवारपर्यंत क्रिएटिनिन उतरलं होतं, ऑक्सिजन मात्र अजून लागत होता. म्हणजे 48 तासांची रेघ केव्हाच ओलांडली होती, आजार गंभीर होता. स्कॅनमध्ये डोकं 110 आणि मधला भाग, शेपटीच्या सुरुवातीसकट, 25. साधारण चाळीस टक्के स्वादुपिंड. भोवती डाव्या मूत्रपिंडाच्या पुढपर्यंत पाण्यासारखे साठे पसरलेले. इंडेक्स आठ.

‘पाण्यासारखे’ हा शब्द मी जपून वापरतोय, कारण सीटी इथे दुसऱ्यांदा फसवतो. पाणी आणि मेलेली चरबी सीटीत बऱ्याचदा सारखीच करडी दिसते. लायपेज भोवतीच्या चरबीवर तुटून पडतं आणि तिचा लगदा करून टाकतं. त्या लगद्यात रक्तातलं कॅल्शियम अडकून साबणासारखा पदार्थ तयार होतो, म्हणूनच अशा पेशंटचं रक्तातलं कॅल्शियम घसरतं. आता हा साठा म्हणजे नुसतं पाणी समजून कुणी सुई घातली तर दोन थेंब येतात आणि नळी लगद्यानं तुंबते. वर बाहेरचे जंतू आत जायची वाट तयार होते. म्हणून अटलांटा वर्गीकरणानं या साठ्यांना नावं देताना दोनच गोष्टी विचारल्या आहेत: आत नुसतं पाणी आहे की मेलेले तुकडेही आहेत, आणि चार आठवडे झालेत की नाही. नुसतं पाणी असेल आणि चार आठवड्यांनंतर त्याला भिंत आली असेल तरच तो स्यूडोसिस्ट. तुकडे असतील तर चार आठवड्यांच्या आत तो अक्यूट नेक्रोटिक कलेक्शन आणि भिंत आल्यावर वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस. सहाव्या दिवशीच्या साठ्याला ‘स्यूडोसिस्ट’ लिहिलेले रिपोर्ट मी आजही पाहतो. तो शब्द वाचून नळी घालायला आलेले पेशंटही पाहतो.

भिंत येईपर्यंत थांबणं हा इथला अवघड भाग. नातेवाइकांना वाटतं, आत सडतंय आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत. पण सुरुवातीच्या दिवसांत मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात. हात घातला तर जिवंत भागही फाटतो आणि रक्तस्राव आवरत नाही. शरीर हळूहळू मेलेल्या भागाभोवती जाड भिंत बांधतं आणि आतला लगदा सैल होतो. जंतू शिरले नाहीत तर कित्येक साठे काहीही न करता आटतात.

मावशींच्या साठ्यात जंतू शिरले. चोविसाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पांढऱ्या पेशी वाढल्या. सव्विसाव्या दिवशीच्या सीटीत साठ्याला सलग भिंत होती आणि आत हवेचे बारीक बुडबुडे. आतड्याला भोक पडल्यानंही तिथे हवा येऊ शकते, पण ताप असताना बुडबुडे दिसले की जंतुसंसर्ग धरून चालावं लागतं. मी सोनोग्राफी लावली, आणि सीटीत एकसारखा करडा दिसणारा साठा प्रत्यक्षात गाळानं भरलेल्या विहिरीसारखा निघाला. आत तुकडे तरंगत होते. शंभर रुपयांचं बल्ब-टॉर्चचं काम कधी कधी महागडा फ्लडलाइट करत नाही.

पूर्वी इथे पोट उघडून सगळं खरवडून काढायचे. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये 88 पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अर्ध्यांना आधी फक्त नळी घातली आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढली. नळीवाल्या गटातल्या 35 टक्के पेशंटना पुढे ऑपरेशन लागलंच नाही. मावशींना मी डाव्या कुशीतून, मोठ्या आतड्याच्या मागून वाट काढत 14 फ्रेंचची नळी घातली. साधारण साडेचार मिलिमीटर जाडीची. कुशीतूनच का, तर पुढे तुकडे काढावे लागलेच तर सर्जनना त्याच वाटेनं आत जाता येतं. पहिल्या दिवशी कॉफीच्या रंगाचा दोनशे मिली द्राव आला. मग रोज सलाईननं नळी धुणं, तुंबली की बदलणं, दोनदा आणखी जाड नळी घालणं. ऑपरेशन लागलं नाही. सात आठवड्यांनी नळी काढली. साठे पूर्ण आटल्यावर पित्ताशय काढलं. स्वादुपिंडाचा मेलेला भाग परत येत नाही. मावशींना आता इन्सुलिन लागतं, आणि जेवणाबरोबर एन्झाइमच्या गोळ्या.

मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला शेवटी दिलं, नळी काढायच्या दिवशी. फिल्म चुकीची वाचली नव्हती. हॉस्पिटलनं पाच दिवसांत काही बिघडवलंही नव्हतं. जे बुधवारी सुरू झालं होतं ते सोमवारी दिसलं. पण जो शब्द मी लिहायला नको होता तो लिहिला, आणि तो वाचून तुम्ही घरी निघाला होतात. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “साहेब, मग तसं त्यातच लिहायचं ना, की हा लवकरचा फोटो आहे.”

त्यानंतर आमच्या सीटीच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवला: ‘दुखणं सुरू होऊन किती तास झाले’. तो भरलेला नसेल तर टेक्निशियन पेशंटला विचारूनच टेबलावर घेतात. आणि 72 तासांच्या आतला स्कॅन असेल तर रिपोर्टच्या शेवटी मी लिहितो: ‘दुखणं सुरू झाल्यापासून इतक्या तासांनी केलेली तपासणी. या टप्प्यावर नेक्रोसिस नाही असं म्हणता येत नाही. आजाराची तीव्रता पेशंटच्या प्रकृतीवरून ठरवावी.’ इंडेक्सचा आकडा मी तिथे देत नाही. एका सर्जन मित्राचा यावर फोन आला होता, “आकडा का नाही दिलास? फाइलला लागतो.” त्याला म्हटलं, शुक्रवारी पाठव पेशंटला, तेव्हा देतो.